विश्लेषण : साक्षीदार म्हणाला ‘मारलं’, कोर्टाने काय लिहिले? भाषा न कळणाऱ्यांचा हक्क नेमका कुठे अडतो

आरोपीला किंवा साक्षीदाराला न्यायालयाची भाषा येत नसेल, तर त्याला दुभाषी मिळाला पाहिजे. हे कोणी नाकारत नाही आणि कायद्यातही तसे लिहिले आहे. तरीही हा हक्क अनेकदा कागदावर राहतो. दुभाष्यांची कमतरता हे त्याचे एक कारण आहे, पण मूळ अडचण दुसरीकडे आहे. अनुवाद चुकला हे कळणार कसे, याची सोय कायद्याने केलेली नाही. आणि चूक झाल्याची तक्रार ज्याने करायची, त्याला भाषाच कळत नसते.

कायद्यात काय लिहिले आहे?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील भाषेविषयीची कलमे तिने जवळपास तशीच ठेवली, फक्त क्रमांक बदलले. कोणत्या राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा कोणती, हे कलम ३०७ नुसार राज्य सरकार ठरवते. महाराष्ट्रात ती मराठी आहे, कर्नाटकात कन्नड.

त्यापुढची तीन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ३१२ सांगते की, साक्षीदार न्यायालयाच्या भाषेऐवजी वेगळ्या भाषेत बोलत असेल तर शक्य असल्यास त्याची साक्ष त्याच भाषेत लिहून घ्यावी. शक्य नसेल तर न्यायालयाच्या भाषेत खरा अनुवाद तिथल्या तिथे तयार करावा आणि त्यावर न्यायाधीशांची सही व्हावी. कलम ३१३ सांगते की, साक्ष पूर्ण झाल्यावर ती आरोपीसमोर साक्षीदाराला वाचून दाखवावी. साक्षीदाराला नोंदीची भाषा येत नसेल तर त्याला समजेल अशा भाषेत ती सांगावी. कलम ३१४ आरोपीसाठी आहे. त्याला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली आणि तो न्यायालयात हजर असेल, तर भर न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत तिचा अर्थ सांगितलाच पाहिजे. इथे ‘शक्य असल्यास’ असा शब्द नाही.

अटकेच्या टप्प्यावर तर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडेच हा हक्क अधिक पक्का केला. मुंबईतील वरळीच्या एका अपघात प्रकरणातून गेलेल्या अपिलावर नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी दिली पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. अटकेच्या क्षणी ते जमले नाही तर आधी तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कारणे हातात पडली पाहिजेत. तसे झाले नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात.

या विचाराचे मूळ महाराष्ट्रातच आहे. १९६२ च्या ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा आदेश आणि त्याची कारणे इंग्रजीत दिली होती. स्थानबद्ध व्यक्तीला इंग्रजी येत नव्हते आणि त्याने हिंदी अनुवाद मागितला. आदेश देताना तोंडी अर्थ सांगितला होता आणि राजभाषा इंग्रजीच आहे, असे उत्तर देऊन प्रशासनाने तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. कारणे कळवणे म्हणजे ज्याला कळवायची त्याला ती कळणे, असा त्या निकालाचा सरळ अर्थ होता.

म्हणजे अटकेपर्यंत कायद्याची भूमिका कडक आहे. चूक केली तर अटकच जाते. खटला सुरू झाला की मात्र हा कडकपणा सैल पडतो. तो कसा, हे पाहण्यासाठी एका साक्षीचा प्रवास पाहू.

एक वाक्य, तीन हात

पुढचा प्रसंग कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी संहितेतली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची एक टोळी हंगामासाठी कर्नाटकात बागलकोटकडे गेली आहे. उचलीच्या पैशांवरून मुकादम आणि एका कामगाराचे रात्री भांडण होते. कामगाराला मार लागतो आणि चार दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावतो. मुकादम आणि त्याचा मेहुणा असे दोघे आरोपी होतात. शेजारच्या कोपीतला एक कामगार मुख्य साक्षीदार आहे. त्याला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

साक्षीदार न्यायालयात दोन वाक्ये सांगतो. पहिले : “मुकादमानं त्याला काठीनं मारलं.” दुसरे : “भांडणाच्या आधी मुकादम मला म्हणाला, आम्ही बघतो त्याच्याकडं.”

मराठीत ‘मारलं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शिक्षकाने मुलाला मारले, यात मुलगा जिवंत असतो. वाघाने बैल मारला, यात बैल मेलेला असतो. कुठला अर्थ घ्यायचा ते मराठी माणूस संदर्भावरून ठरवतो. कन्नडमध्ये ही मोकळीक नाही. मारहाण करणे यासाठी ‘होडे’ हे क्रियापद आहे आणि जीव घेणे यासाठी ‘कोल्लु’. दुभाष्याला दोनपैकी एक निवडावेच लागते. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो माणूस मेलेला आहे आणि खटला खुनाचा आहे. अशा वेळी घाईत ‘कोल्लु’चे रूप तोंडी येणे अगदी सोपे आहे.

साक्षीदाराने फक्त काठीचा मार पाहिला होता. नोंदीत मात्र त्याने मुकादमाला जीव घेताना पाहिले असे उतरते. खून, सदोष मनुष्यवध आणि गंभीर दुखापत यांतला फरक आरोपीचा हेतू काय होता आणि मार कसा होता यावर ठरतो. त्या फरकावरच जन्मठेप की काही वर्षांची शिक्षा हे अवलंबून असते.

दुसऱ्या वाक्यातली अडचण आणखी सूक्ष्म आहे. मराठीत ‘आम्ही बघतो’ म्हटले की ऐकणारा त्यात नसतो. ‘आपण बघू’ म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. आजच्या कन्नडमध्ये हा भेद उरलेला नाही, दोन्हींसाठी ‘नावु’ हाच शब्द आहे. मुकादमाने साक्षीदाराला वगळून बोललेले वाक्य कन्नड नोंदीत दोन्ही अर्थांनी वाचता येते. मग उलटतपासात बचाव पक्षाचा वकील विचारू शकतो, “म्हणजे बेत ठरवताना तुम्हीही त्यांच्यात होता?” साक्षीदार गोंधळतो. आपण असे काही बोललोच नाही, हे त्याला माहीत असते. पण प्रश्न कुठून आला ते त्याला कळत नाही.

वाचून दाखवले, तरी चूक का सापडत नाही?

कायद्याने यावर उपाय ठेवला आहे असे वाटू शकते. कलम ३१३ नुसार साक्ष वाचून दाखवायची असते आणि साक्षीदाराला दुरुस्ती सुचवता येते. न्यायाधीशांना दुरुस्ती पटली नाही तर साक्षीदाराच्या आक्षेपाची टीप तरी नोंदवता येते. पण वाचून दाखवणारा कोण असतो? बहुतेक वेळा ज्याने आधी अनुवाद केला, तोच दुभाषी.

आता त्याच्यासमोर कन्नड नोंद आहे आणि तिच्यात जीव घेतल्याचे क्रियापद आहे. त्याचा तो परत मराठीत अर्थ सांगतो : “मुकादमानं त्याला काठीनं मारलं, असं तुम्ही म्हणालात. बरोबर?” साक्षीदार मान हलवतो, कारण तो अगदी हेच म्हणाला होता. जाताना एक अर्थ गेला, परत येताना दुसरा आला, आणि मराठी शब्द मात्र तोच राहिला. चूक पकडण्यासाठी ठेवलेली पायरी चुकीवर शिक्कामोर्तब करून मोकळी झाली. यात कोणी खोटे बोलले नाही. दुभाषी प्रामाणिक होता, न्यायाधीशांनी कलमाप्रमाणे काम केले, साक्षीदाराने खरे सांगितले.

आरोपी मुकादमही मराठीच आहे. त्याने साक्षीदाराचे मूळ वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकले. त्याला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झालेलीच नाही, म्हणून कलम ३१४ इथे लागू होत नाही. त्याला जे कळत नाही ती कन्नड नोंद आहे, आणि निकाल तिच्यावरच लागणार आहे. पुढे उच्च न्यायालयात अपील गेले तर तिथल्या न्यायाधीशांसमोरही मराठी वाक्य नसेल. कन्नड नोंद असेल किंवा तिचा इंग्रजी अनुवाद. साक्षीदार मराठीत नेमके काय बोलला, हे पाहण्याचा मार्ग त्या वेळी उरलेला नसतो.

पोलिसांच्या जबाबाची वेगळी अडचण

न्यायालयात यायच्या आधीच हे वाक्य एकदा अनुवादातून गेलेले असते. तपासाच्या वेळी कलम १८० नुसार पोलिस साक्षीदाराचा जबाब घेतात. तो तिथल्या भाषेत लिहिला जातो आणि पोलिस ठाण्यात मराठी येणारा जो कोणी असेल तो अर्थ सांगतो. कलम १८१ नुसार या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. दबाव आणून सही घेतली जाऊ नये आणि साक्षीदार त्या कागदाला बांधला जाऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण भाषा वेगळी असेल तर त्याचा दुसरा परिणाम होतो. साक्षीदाराच्या नावावर काय लिहिले गेले, हे त्याला न्यायालयात उभे राहीपर्यंत माहीतच नसते.

तिथे हाच जबाब त्याच्याविरुद्ध वापरता येतो. पोलिसांना एक सांगितले आणि न्यायालयात दुसरे, अशी विसंगती दाखवण्यासाठी त्यातला मजकूर साक्षीदारासमोर ठेवला जातो. जबाबात ‘काठीने मारहाण केली’ असे असेल आणि न्यायालयाच्या नोंदीत ‘जीव घेतला’ असे आले असेल, तर बचाव पक्ष म्हणेल की साक्षीदाराने साक्ष फुगवली. उलट झाले तर सरकारी वकील म्हणेल की साक्षीदार फितूर झाला. दोन्ही वेळा साक्षीदार एकच वाक्य बोललेला असतो. बदल दोन दुभाष्यांनी निवडलेल्या दोन शब्दांत आहे, आणि त्याची किंमत साक्षीदाराची विश्वासार्हता फेडते.

नोंदीत असा घोटाळा झाला आहे का, हे अनुभवी वकिलाला काही खुणांवरून ओळखता येते. एक म्हणजे उत्तराची लांबी. साक्षीदार दोन मिनिटे बोलतो आणि दुभाषी एका ओळीत आटोपतो, तेव्हा तिथे अनुवाद झालेला नाही, सारांश झाला आहे. दुसरी खूण म्हणजे नोंदीत येणारे कायद्याचे शब्द. ऊस तोडणारा माणूस ‘समान उद्देशाने’ किंवा ‘जीवघेणा हल्ला’ असे बोलत नाही. तसे शब्द त्याच्या तोंडी दिसले तर ते दुसऱ्या कोणाचे आहेत. तिसरी खूण म्हणजे दुभाषी साक्षीदाराशी स्वतःच बोलू लागतो, दोन-तीन प्रश्न परस्पर विचारतो आणि मग न्यायालयाला एकच उत्तर देतो. ते मधले प्रश्न नोंदीत कुठेच नसतात.

चूक झाली तर कायदा काय करतो?

अटकेची कारणे समजणाऱ्या भाषेत दिली नाहीत तर अटक रद्द होते, हे वर आले. मग साक्ष आरोपीला समजावून सांगितली नाही तर खटला रद्द होतो का? याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे.

‘शिवनारायण काब्रा विरुद्ध मद्रास राज्य’ या १९६० च्या दशकातील खटल्यात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. त्या वेळी १८९८ ची संहिता लागू होती आणि तिच्यातही आजच्या ३१४ सारखेच कलम होते. न्यायालयाने म्हटले की, साक्षीचा अर्थ आरोपीला सांगितला नाही ही प्रक्रियेतील अनियमितता आहे. त्यामुळे आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाले नसेल, तर खटला रद्दबातल होत नाही.

आजच्या संहितेत हेच तत्त्व कलम ५११ मध्ये आहे. प्रक्रियेत चूक झाली म्हणून वरचे न्यायालय निकाल उलटवणार नाही. त्या चुकीमुळे न्याय फसला असेल तरच हस्तक्षेप होईल. त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे, आणि भाषेच्या प्रश्नावर ते सर्वांत जड पडते. न्याय फसला की नाही हे ठरवताना, हा आक्षेप आधीच्या टप्प्यावर घेता आला असता का आणि घ्यायला हवा होता का, हे न्यायालयाने पाहावे, असे ते सांगते.

इतर चुकांच्या बाबतीत हे वाजवी आहे. वकिलाला दोष दिसला होता, तो गप्प बसला आणि शिक्षा लागल्यावर तक्रार करू लागला, असे चालू देता येणार नाही. नाहीतर प्रत्येक खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागेल. भाषेच्या बाबतीत मात्र हा नियम उलटा फिरतो. ज्याला काय चालले आहे ते कळत नव्हते, त्याने कळत नसल्याची तक्रार वेळेत, योग्य त्या कलमाखाली करायला हवी होती, अशी ही अपेक्षा आहे. नुकसान झाले हे दाखवायला मूळ वाक्य आणि नोंदलेले वाक्य शेजारी ठेवावे लागते, आणि मूळ वाक्य कोणी जपलेलेच नसते.

आरोपीला वकील असतो, तो आक्षेप घेईल, हे यावरचे नेहमीचे उत्तर. पण स्थानिक वकिलाला साक्ष समजते, तेव्हा अनुवाद हवा असे त्याला वाटतच नाही. आणि वकील घटनेच्या जागी नव्हता. डॉक्टर किंवा पोलिस अधिकारी कन्नडमध्ये साक्ष देताना काठी कोणाच्या हातात होती याविषयी चुकीचे बोलला, तर ते फक्त आरोपीला कळू शकते. तेही त्याच क्षणी, म्हणजे उलटतपास संपायच्या आत. संध्याकाळी वकिलाने सांगितलेला सारांश त्यासाठी पुरत नाही.

न्यूयॉर्कच्या एका निकालाने काय बदलले?

हाच पेच अमेरिकेत १९७० मध्ये सुटला. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्क राज्यात मजुरीसाठी आलेल्या रोजेलिओ नेग्रॉन याच्यावर खुनाचा खटला चालला होता. त्याला फक्त स्पॅनिश येत होते आणि त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. सरकारी पक्षाच्या १४ पैकी १२ साक्षीदारांनी इंग्रजीत साक्ष दिली. दुभाषी होती, पण ती सरकारी पक्षाने बोलावलेली होती. नेग्रॉन स्वतः बोलला तेव्हा तिने त्याचे इंग्रजी केले. इतरांच्या साक्षींचा मात्र तिने मधल्या सुट्टीत, दोन वेळा, १० ते २० मिनिटांत सारांश सांगितला. त्याने किंवा त्याच्या वकिलाने यापेक्षा जास्त काही मागितले नव्हते.

केंद्रीय अपील न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. मागितले नाही म्हणजे हक्क सोडला, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. भाषेची गंभीर अडचण आहे हे न्यायाधीशांच्या लक्षात आल्यावर, तुला सरकारी खर्चाने दुभाषी मिळू शकतो हे आरोपीला सांगणे ही न्यायाधीशांचीच जबाबदारी आहे, असे ठरले. आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, तिथल्या केंद्रीय न्यायालयांसाठी दुभाष्यांचा वेगळा कायदा झाला.

भारताने १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आहे. न्यायालयाची भाषा न येणाऱ्या आरोपीला दुभाषी मोफत मिळावा, असे त्याचे कलम १४ सांगते. पण मागितले नाही तर काय, याचे नेग्रॉन खटल्यासारखे स्पष्ट उत्तर आपल्या संहितेत नाही.

उपाय आपल्याच कायद्यांत आहेत

यासाठी अमेरिकेचा कायदा आणायची गरज नाही. दोन ठिकाणी आपल्या संसदेने आणि केंद्र सरकारने हा प्रश्न सोडवलेला आहे, पण तो ठरावीक साक्षीदारांपुरताच.

पहिले उदाहरण बोलू न शकणाऱ्या साक्षीदारांचे. २०१३ मध्ये पुरावा कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. साक्षीदार तोंडी बोलू शकत नसेल तर न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या जबाबाचे व्हिडिओ चित्रीकरण करायचे, असे ती सांगते. यामागचा विचार साधा आहे. मधल्या माणसाने अर्थ सांगितला असेल तर मूळ खूण जपून ठेवली पाहिजे, म्हणजे पुढे वाद झाला तर पडताळता येते. हाच विचार माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या साक्षीदाराला का लागू होऊ नये, याचे कारण सांगता येत नाही. न्यायाधीशांना खाणाखुणांची भाषा कळत नाही, तशीच कोरकूही कळत नाही. दोन्हींत निकाल दुभाष्याच्या शब्दावर लागतो.

दुसरे उदाहरण पोक्सो कायद्याचे. मुलांची साक्ष घेताना लागणाऱ्या दुभाष्याची पात्रता, अनुभव आणि मानधन नियमांनी ठरवावे असे तो म्हणतो. २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषी आणि अनुवादकांची नोंदवही ठेवायची आहे. पदवीचा आग्रह तिथे नाही. ती भाषा मातृभाषा असेल, किंवा कामामुळे, त्या भागात राहिल्यामुळे आलेली असेल तरी चालते. पण दुभाषी निःपक्षपाती हवा. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१७ मात्र दुभाष्याने खरा अर्थ सांगावा एवढेच म्हणते. तो कोण असावा, कोणाच्या पगारावर असावा, याविषयी ती गप्प आहे.

महाराष्ट्रात याची गरज कुठे आहे, हे गडचिरोलीवरून दिसते. भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू, चामोर्शी-मुलचेरात वसवलेल्या निर्वासितांची बंगाली, कोरची-धानोऱ्याकडे छत्तीसगढी आणि सत्र न्यायालयात मराठी, असा हा जिल्हा आहे. बागलकोटच्या न्यायालयात बीडच्या कामगाराचे जे होऊ शकते, तेच इथे माडिया माणसाचे मराठीमुळे होऊ शकते. मेळघाटातली कोरकू तर मराठीच्या कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही. तिथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. आणि ज्या भागात पोलिस हाच खटल्यातला एक पक्ष असतो, तिथे पोलिस शिपायाला दुभाषी म्हणून उभे करणे म्हणजे एका पक्षाच्या माणसाकडून दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकणे.

म्हणून तीन बदल आवश्यक आहेत. पहिला, आरोपी प्रथम हजर होईल तेव्हा आणि प्रत्येक साक्षीदार साक्षीला उभा राहील तेव्हा न्यायाधीशांनी भाषा विचारावी आणि उत्तर रोजनाम्यात लिहावे. “मराठी समजते का?” असा प्रश्न उपयोगाचा नाही. त्याला माणूस भीतीने किंवा संकोचाने ‘हो’ म्हणतो. “तुमच्यावर काय आरोप आहे, तुमच्या शब्दांत सांगा,” असे विचारले की एका मिनिटात कळते. दुसरा, पोक्सोची जिल्हा नोंदवही सर्व फौजदारी न्यायालयांना वापरता यावी. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, दुभाष्यामार्फत झालेल्या प्रत्येक साक्षीचे ध्वनिमुद्रण सक्तीचे व्हावे. वॉरंट खटल्यांत आरोपीच्या वकिलासमोर ऑडिओ-व्हिडिओ साधनांनी साक्ष नोंदवता येईल, असे संहिता आजही म्हणते. ‘नोंदवता येईल’च्या जागी, निदान अनुवादित साक्षीपुरते, ‘नोंदवावी’ आले पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. भाषा येत असूनही येत नाही म्हणणारे आरोपी असतात आणि दुभाषी मिळेपर्यंत तारखा पडत राहतात. खटला लांबवण्याचा तो मार्ग होऊ शकतो. पण पहिल्याच दिवशी भाषा विचारून नोंदवली तर हा मार्ग बंद होतो, कारण नंतर अचानक भाषा विसरता येत नाही. ध्वनिमुद्रण असले तर अनुवाद चुकल्याची खोटी तक्रारही दहा मिनिटांत निकाली निघते. म्हणजे ही सोय जितकी आरोपीच्या बाजूची आहे, तितकीच सरकारी पक्षाच्या आणि पीडिताच्या बाजूची आहे. आपल्या कल्पित खटल्यात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांनाही साक्षीदार नेमके काय बोलला हेच हवे आहे. फुगवलेली साक्ष अपिलात फुटली तर नुकसान त्यांचेच होते.

तोपर्यंत काय करता येते?

परराज्यात कामाला गेलेल्या माणसावर किंवा त्याच्या नातेवाइकांवर अशी वेळ आली, तर काही गोष्टी आजच्या कायद्यातही हातात आहेत. अटकेची कारणे आपल्या भाषेत लेखी मागावीत. मिळाली नाहीत तर रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्यांना तसे सांगावे. आपल्याला न्यायालयाची भाषा येत नाही हे वकिलामार्फत पहिल्या तारखेलाच लेखी अर्जाने सांगावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याच्याकडूनही हा अर्ज देता येतो. तो रोजनाम्यात आला की पुढे कलम ५११ खाली ‘आधी का बोलला नाही’ असे कोणी विचारू शकत नाही.

साक्ष दिल्यावर ती वाचून दाखवताना शब्द तोच आहे म्हणून लगेच मान हलवू नये. ‘मारलं’सारख्या दोन अर्थांच्या शब्दाशी थांबून, “म्हणजे काठीचे फटके दिले, त्या वेळी तो जिवंत होता,” असे फोडून सांगावे आणि तसेच लिहिले का ते विचारावे. दुरुस्ती नाकारली तर आक्षेपाची टीप लिहून घ्यायला सांगावे. कलम ३१३ मध्ये तशी तरतूद आहे. एवढे करायला धीर लागतो, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणे हा न्यायव्यवस्थेचा उपाय असू शकत नाही. भाषा विचारण्याचे काम न्यायाधीशांचे आहे आणि मूळ शब्द जपण्याचे काम न्यायालयाचे. ही जबाबदारी कायद्याने स्पष्टपणे त्यांच्यावर टाकली नाही, तोवर कलम ३१४ मधील हक्क ज्याला तो मागता येतो त्यालाच मिळत राहील.